रिक्षावरच्या भोंग्याला ‘पाजण्यात यावे’ का चालत नाही

भोंग्यावर वाजवायच्या मेसेजची स्क्रिप्ट लिहायची म्हटली की असं सांगणारे भेटतातच: “व्हॉइसओव्हर म्हटलं की प्रमाण मराठीच पाहिजे. ‘केलं-गेलं’ आलं की माणूस अडाणी वाटतो, लोकांचा विश्वास बसत नाही. आणि सोलापुरात तर तेलुगू, कन्नड, उर्दूवाले सगळेच आहेत, त्यांना शाळेतली पुस्तकी मराठीच समजते. स्क्रिप्ट शुद्ध लिहून द्या, वाचणारा आपोआप बोलकं करून घेतो.”

पहिलं विश्वासाचं बघू, कारण त्याला जास्त वेळ द्यायची गरजच नाही. आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐका, किंवा त्यांच्या वेबसाइटवर टाकलेलं बातमीपत्र वाचा. ‘प्रधानमंत्र्यांनी म्हटलं आहे’, ‘आवाहन केलं आहे’ असंच असतं, नुसतं बोलताना नाही, लिहिलेलंच तसं असतं. आता आकाशवाणीला कोण अडाणी म्हणणार? शब्द भारदस्त आहेत, वाक्य नीटनेटकं आहे, फक्त शेवट तोंडात बसेल असा ठेवलाय. आणि हे काय नियम मोडून चाललेलं नाही, शुद्धलेखनाच्या नियमातच ‘असं केलं, मी म्हटलं’ असं बोलण्याप्रमाणे लिहायची मुभा आहे, शेवटच्या अक्षरावर अनुस्वार द्यायचा एवढंच. म्हणजे ‘केलं’ लिहिणारा अशुद्ध लिहितो हा समज पण सोडून द्या.

पण खरी गडबड ‘केले’ की ‘केलं’ यात नाहीच, ती वाक्याच्या बांधणीत आहे आणि याच्यावर कोणी बोलत नाही. एक उदाहरण घेतो. पावसाळ्यात जुलाबाचे पेशंट वाढतात, तेव्हा रिक्षावर भोंगा लावून गल्लीगल्लीत फिरवायला एक मेसेज करायचा होता. सोलापुरातल्या विडी घरकुलसारख्या वस्तीत, दुपारी, बायका विड्या वळत बसलेल्या असतात त्या वेळेला. आलेली स्क्रिप्ट अशी होती:

“अतिसार झालेल्या बालकास ओआरएसचे एक पाकीट एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात विरघळवून तयार केलेले द्रावण थोड्या थोड्या अंतराने पाजण्यात यावे व चोवीस तासांनंतर शिल्लक राहिलेले द्रावण वापरण्यात येऊ नये.”

माहिती बरोबर आहे, व्याकरण बरोबर आहे. पण ३० शब्दांचं एकच वाक्य आहे, आणि ‘बालकास’ पासून ‘पाजण्यात यावे’ पर्यंत ऐकणाऱ्याने सगळं डोक्यात धरून ठेवायचंय, कारण करायचं काय हे सांगणारं क्रियापद अगदी पार शेवटी येतं. कागदावर हे चालतं, नजर मागे फिरवता येते. भोंग्यावरचं वाक्य गेलं की गेलं, आणि रिक्षा तोवर पुढच्या गल्लीत.

आता याच्यातली सगळ्यात घातक जागा कुठली असेल तर शेवटचे दोन शब्द, ‘येऊ नये’. मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला येतो आणि भोंग्याचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा नेमकं शेपूटच खाल्लं जातं. वाचणारा पण वाक्याच्या शेवटी दम संपल्यामुळं आवाज खाली सोडतो, ते वेगळंच. मग घरात ऐकू काय येतं तर “शिल्लक राहिलेले द्रावण वापरण्यात…”, म्हणजे सांगायचं होतं त्याच्या बरोब्बर उलटं. इथं नुसतं ‘वापरू नका’ असं बोलकं करून भागत नाही, ‘नका’ सुद्धा शेवटीच राहतो. म्हणून वाक्यच फिरवायचं आणि नकार काढून काम सांगायचं: “उरलं तर ओतून टाका.” याचं शेपूट अर्धं तुटलं तरी ‘ओतून’ पोचतं.

दुसरी जागा ‘पाजण्यात यावे’. कोणी पाजावे? नर्सनी? आशाताईंनी? डॉक्टरांनी? यात कर्ताच नाही, परिपत्रकात हे सोयीचं असतं, जबाबदारी कुणाच्याच अंगाला लागत नाही. पण समोर मांडीवर लेकरू घेऊन बसलेल्या आईला “पाजा” म्हणायचंय. आणि वेळेचा हिशोब पण बघा, ‘करण्यात आले आहे’ तोंडाने म्हटलं की सातेक अक्षरांचा उच्चार होतो आणि ‘केलंय’ दोनातच संपतं. मी भोंग्यासाठी मिनिटाला शंभर-एकशेदहा शब्दच धरतो, त्याच्यापुढं गेलं की सगळं एकमेकात मिसळतं, अशा हिशोबात हे ‘ण्यात येत आहे’ फार महाग पडतं. वाचवलेल्या वेळात मग खरी माहिती बसते, जी मूळ स्क्रिप्टमध्ये नव्हतीच. दुकानात ओआरएसचं एक लिटरचं मोठं पाकीट पण मिळतं आणि २०० मिलीचं छोटं पण. छोटं एक लिटर पाण्यात टाकलं तर औषध पातळ होऊन काम होत नाही, आणि मोठं एका ग्लासात टाकलं तर मीठ जास्त होऊन बारक्या लेकराला धोकाच.

शेवटी रेकॉर्ड झालेलं असं होतं:

“लेकराला जुलाब लागलेत? ओआरएसचं पाणी पाजा. आधी पाकिटावर बघा, किती पाण्याचं आहे. मोठं पाकीट असेल तर एक लिटर पिण्याचं पाणी मोजून घ्या. पूर्ण पाकीट एकदमच टाका, हलवा. त्यात फक्त पाणी आणि पाकीट, बाकी साखर-मीठ-दूध सगळं लांब. घोट घोट पाजत राहा. आज केलेलं पाणी उद्या याच वेळेपर्यंत चालतं. उरलं तर ओतून टाका, नवीन करा. लेकरू पीतच नसेल, सुस्त पडलं असेल किंवा शी मधून रक्त जात असेल तर लगेच दवाखाना गाठा. गाडीसाठी फोन एकशे आठ.”

‘अतिसार’ गेला, ‘जुलाब’ आला. ‘द्रावण’ जाऊन ‘ओआरएसचं पाणी’ आलं. पण ओआरएसला ‘जलसंजीवनी’ नाही केलं, कारण मेडिकलमध्ये जाऊन बाई ओआरएसच मागणार. जुलाबात ओआरएसबरोबर देतात त्या झिंकच्या गोळीचं पण तेच, तिला ‘जस्त’ म्हणून कुणाला कळणार नाही. ती गोळी आम्ही दुसऱ्या मेसेजमध्ये ठेवली, कारण जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्यायची हे सांगायला स्वतंत्र जागा लागते, इथं कोंबलं असतं तर १४ दिवस आणि २४ तास यांची खिचडी झाली असती.

आता भाषांचा मुद्दा, हा ऐकायला फार पटतो. पण सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत हे विसरून चालतं का? घरकुलातल्या कितीतरी बायकांची मराठी कुठून आली तर बाजारातून, कारखान्यातून, शेजारणीकडून, रिक्षावाल्याशी भांडून. त्यांनी ‘द्या, घ्या, थांबा, टाका’ हजारदा ऐकलंय, ‘देण्यात यावे’ फार तर रेशनच्या कागदावर बघितलं असेल. एक गोष्ट मात्र मान्य, संस्कृत शब्द तिकडं पण आहेत, ‘आहार’ तेलुगूत पण चालतो, औषधाला कन्नडमध्ये ‘औषधी’ म्हणतात, त्यामुळं असे शब्द घाबरून काढायची गरज नाही. पण ‘औषध’ कळलं म्हणून ‘औषधोपचार करवून घेण्यात यावेत’ कळेल असं नाही, अडतं ते क्रियापदाच्या लांबणीवर.

याच मुद्द्यावर दुसऱ्या टोकाला जाणारे पण आहेत, ते म्हणतात मग अस्सल सोलापुरीच करा ना, ‘काय करलालाय बे’ स्टाईल. रीलसाठी मस्त, लोक हसतात, शेअर करतात. पण आजारी लेकराच्या आईला भोंग्यावरून ‘बे’ म्हटलं तर ती चेष्टा वाटेल. आणि हाच मेसेज बार्शीला, सांगोल्याला पाठवायचा असेल तर तिकडची धाटणी वेगळी, ‘करलालाय’ तिकडं परकंच वाटणार. म्हणून शब्द सगळ्या जिल्ह्यात चालणारे, ‘लेकरू’ सारखे, क्रियापदाचं रूप साधं, आणि संबोधन ‘तुम्ही’. बोलकं म्हणजे गल्लीतलं असं समीकरण नाही.

आणि पुस्तकी कुठं चालतं ते पण सांगतो. स्टेशनवर ‘फलाट क्रमांक’, ‘येत आहे’ सगळ्यांना कळतं, कारण वाक्याचा साचा वर्षानुवर्षं तोच, बदलतो फक्त गाडीचा नंबर आणि फलाट. ऐकणारा साचा ऐकतच नाही, नंबराची वाट बघतो. जाहिरातीतला कायदेशीर इशारा दिलाय तसाच वाचावा लागतो, तिथं पण आपला इलाज नाही. ओआरएसचा मेसेज यातल्या कशातच बसत नाही, तो बाई पहिल्यांदाच ऐकणार असते.

उरलं ते ‘वाचणारा आपोआप करतो’. हे म्हणणाऱ्यांनी एकदा माइकसमोर बसावं. ‘ले’ दिसला की ‘लं’ म्हणायचं एवढं ते सोपं नाहीये. ‘पाणी उकळले’ चं ‘उकळलं’ होतं, पण ‘चार ग्लास मोजले’ चं ‘मोजले’ च राहतं, कारण एक नपुंसकलिंगी एकवचन आणि दुसरं पुल्लिंगी अनेकवचन, लिहिताना दोन्हीला ‘ले’. ‘तुमचे बाळ’ चं ‘तुमचं बाळ’, पण ‘तुमचे डॉक्टर’ तसेच. ‘मुले’ चं ‘मुलं’, ‘मुलगे’ चं मात्र काही नाही. प्रत्येक शब्दाला हा निर्णय वाचता वाचता, श्वास सांभाळत घ्यायचा, तर मुरलेला आर्टिस्ट पण कुठंतरी घसरतो आणि मग एकाच वाक्यात “तुमचं बाळ सुस्त पडले असेल” असं निघतं. अर्धं घरातलं अर्धं ऑफिसातलं. ते ऐकणाऱ्याला नेमकं काय खटकलं सांगता येत नाही, पण खोटं वाटतं, आणि विश्वासाचा प्रश्न येतो तो इथं. ‘पाजण्यात यावे’ चं ‘पाजा’ तर वाचणारा स्वतःहून करूच शकत नाही, तेवढा अधिकार त्याला कोण देणार, क्लायंट समोर कागद घेऊन बसलेला असतो.

रेकॉर्डिंगच्या आधी तपासायची पद्धत साधी आहे. मोबाईलवर कच्चं वाचून, पंखा फुल्ल लावलेला असताना, एखाद्या काकूंना एकदाच ऐकवायचं. “समजलं का?” विचारायचं नाही, सगळेच हो म्हणतात. “मग आता काय काय कराल?” विचारायचं. त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटं करून बघितलं, किती पाण्याचं आहे ते, तर ते वाक्य पोचलं. उरलेल्या पाण्यावर त्या अडखळल्या तर ते वाक्य परत लिहायचं, आवाजाला दोष द्यायचा नाही.

आणि एवढं सगळं झाल्यावर स्क्रिप्टच्या वरच ठळक लिहून ठेवायचं की ‘हे बोलण्यासाठी आहे, अनुस्वार मुद्दाम दिलेत’, नाहीतर मध्ये कोणीतरी सद्भावनेनं प्रूफ तपासतो आणि रेकॉर्डिंगच्या सकाळी सगळं ‘केले-गेले’ होऊन हातात येतं.