दहा नाही, बारा हजार गोणी विकल्यात आमच्या ठाण्याच्या सेल्स मॅनेजरने!

घणसोलीहून ठाण्याच्या गाडीत बसून लिहितेय. आज रिव्ह्यू मीटिंगमध्ये जे झालं ते डोक्यातून जात नाहीये.

आमच्याकडे टाइल चिकटवायच्या पावडरीच्या गोणी विकल्या जातात. ठाणे-भिवंडी-कल्याण पट्टा एका सेल्स मॅनेजरकडे, पनवेल-उरण-पेण दुसऱ्याकडे. दोघांनाही महिन्याचं बजेट सारखंच दिलेलं: १०,००० गोणी आणि त्यासाठी ८ लाख विक्रीखर्च. ठाणेवाल्याने १२,००० गोणी विकल्या आणि खर्च झाला ८.७६ लाख. पडद्यावर त्याच्या नावापुढे लाल रंगात ‘७६,००० जादा’. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पैसे झाडाला लागतात का?" पनवेलवाल्याने ८,००० गोणी विकल्या, खर्च ७.४० लाख. हिरव्या रंगात ‘६०,००० बचत’. त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या!

अहो, ८ लाखांचा आकडा १०,००० गोणींसाठी होता ना? मग १२,००० गोणींचा खर्च त्याच्याशी का ताडून बघता?

ते ८ लाख कसे आले होते, ते बघा. डीलरचं कमिशन गोणीमागे ३० रुपये आणि टेम्पोचं भाडं २० रुपये. हे ५० रुपये प्रत्येक गोणीबरोबर वाढणारच. उरलेले ३ लाख म्हणजे पोरांचे पगार आणि गोडाऊनचं भाडं. एकही गोण विकली नाही तरी ते द्यावे लागतात. म्हणजे १०,००० ला ५ आणि ३, झाले ८. आता १२,००० ला मोजा: ६ आणि ३, म्हणजे ९ लाख. ठाणेवाल्याला ९ लाखांची मुभा होती, त्याने ८.७६ मध्ये भागवलं. २४,००० वाचवणाऱ्या माणसाला उधळ्या म्हटलं आज.

फ्लेक्झिबल बजेट म्हणजे एवढंच. महिना संपल्यावर सोयीने बजेट बदलणं नव्हे. दर तेच ठेवायचे, फक्त खरोखर विकल्या गेलेल्या गोणींना ते लावायचे.

आणि ते २४,००० कुठून आले ते कोणी विचारलंच नाही. विक्री २० टक्के वाढली तसं कमिशनही ३ लाखांवरून बरोबर ३.६० लाख झालं, त्यात त्याचा दोष नाही आणि कर्तबगारीही नाही. पण भाडं २ लाखांवरून फक्त २.१६ लाख, म्हणजे गोणीमागे १८ रुपये. भिवंडीच्या डीलरांच्या छोट्या ऑर्डरी एकत्र करून तो भरलेली गाडीच सोडतो, हे मी रोज चलनांवर बघते.

पनवेलवाल्याचं आता बघा. ८,००० गोणींना मुभा होती ७ लाखांची, खर्च केले ७.४०. भाडं गोणीमागे २५ रुपये पडलं, कारण टेम्पो अर्धे रिकामे जात होते. ही बचत नव्हे हो, ४०,००० ची गळती आहे! विक्री पडली म्हणून खर्च कमी दिसला, बस.

त्या माणसावर माझा राग नाही. पेण-उरणकडे महिनाभर कामं थंड होती, तो तरी काय करणार? राग त्या तक्त्यावर आहे.

साहेब म्हणाले, असं बजेट हलवत बसलं तर विक्री कमी झाल्याचं कोणाला काही वाटणारच नाही. बरं, मुद्दा खरा आहे. पण ते वेगळं मोजता येतं. गोणीबरोबर वाढणारे ते ५० रुपयेही वजा करून गोणीमागे ६० रुपये सुटतात असं आमचंच बजेट सांगतं. २,००० गोणी कमी, म्हणजे १.२० लाख हातचे गेले. ते दुसऱ्या ओळीत मांडा आणि तिथे विचारा की बाजार थंड होता की माणूस फिरलाच नाही. सूट देऊन माल खपवला असेल, तर तेही विक्रीदराच्या फरकात दिसेल. ठाण्यात तसं काही नव्हतं. आणि हो, उद्या १५,००० गोणींसाठी दुसरं गोडाऊन घ्यावं लागलं तर ३ लाख तीनच राहणार नाहीत, हेही मान्य.

पण आज जे झालं त्याचं काय? मीटिंगनंतर तो जिन्यात भेटला. काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "ताई, पुढच्या वेळी दहा हजार झाले की उरलेल्या ऑर्डरी पुढच्या महिन्यात ढकलतो." आणि ढकलेलही. का ढकलू नये? तेवढ्यात डीलर दुसऱ्या कंपनीचा माल उचलेल आणि साहेब पुन्हा विचारतील की विक्री का थांबली.

तक्ता मी नव्याने केलाय. ठाण्यासमोर ९ लाख, पनवेलसमोर ७ लाख, आणि गोणींच्या कमी-जास्तीची ओळ स्वतंत्र. ऐरोली गेलं, ठाणं यायच्या आत साहेबांना पाठवतेय, सीसीमध्ये दोघेही मॅनेजर. टाळ्या त्यांच्यासमोर वाजल्या होत्या, तर दुरुस्तीही त्यांच्यासमोरच व्हायला हवी.