साडेआठशे माणसांचा सेनापती

तुम्ही चाकणला पत्र्याचे सुटे भाग दाबणाऱ्या कारखान्याचे प्लांट हेड आहात. वय अठ्ठेचाळीस. मुलगी बारावीला, फ्लॅटचा हप्ता अजून सहा वर्षं. आता तुम्हाला सीओओ व्हायचंय आणि त्यासाठी रेझ्युमे लिहायचाय. योग्य माणसाकडे आलात. असे रेझ्युमे मी इतके वाचलेत की आता लग्नपत्रिका हातात आली तरी आधी वधूपक्षाच्या टीमचा आकार शोधतो.

सुरुवात माणसांपासून करू. तुम्हाला थेट रिपोर्ट करणारे सहा जण. हा आकडा चुकूनही लिहू नका. सहा माणसं तर गणपती मंडळाच्या वर्गणीला फिरतात. हे सहा धरून स्टाफ अडतीस, कायम कामगार ११२ आणि तीन पाळ्यांत मिळून कंत्राटी ३४०. झाले ४९०. अजून पाचशेसुद्धा नाहीत, बघा. मग कॅन्टीनवाले, गेटवरचे सिक्युरिटीवाले आणि बसचे ड्रायव्हर मिळून साठ घ्या. तुमच्यावर वैतागतात म्हणजे तुमचेच. राहिले तीनशे. ते तुम्हाला माल पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये सापडतील. एकूण ८५०. आता लिहा: ‘८५० जणांच्या बहुशाखीय टीमचे नेतृत्व’.

कंत्राटी कामगारांचा पगार ठेकेदार देतो, एचआरवाला कंपनीच्या तक्त्यात तुमच्याशी नुसत्या तुटक रेषेने जोडलेला आणि खरा बॉस हेड ऑफिसात बसलेला, या गोष्टी कागदावर आणायच्या नसतात. तुटक रेषा लांबून बघितली की सलगच दिसते.

आता बजेट. इथे जरा सावकाश जाऊ, कारण खरी कला इथेच लागते. तुमच्या प्लांटचा वर्षाचा खर्च १५४ कोटी. त्यातले १२० कोटी पोलाद आणि बाहेरून घेतलेल्या भागांचे. पोलाद कुठल्या मिलचं घ्यायचं आणि कोणत्या दराने, हे गाडी बनवणारा ग्राहकच ठरवून देतो आणि ऑर्डर हेड ऑफिसचं परचेस काढतं. तुमचं काम ट्रक आला की काटा बघणं. पगाराचे १८ कोटी युनियनच्या करारात बांधलेले. विजेचे ७ कोटी. त्याचा दर वीज आयोग ठरवतो आणि तुम्ही फार तर जेवणाच्या सुट्टीत दिवे बंद करायला सांगता. उरले ९ कोटी. मेंटेनन्स, टूलिंग, ओव्हरटाइम, तेल-ग्रीस आणि भाडं. इथे मात्र तुमचा हात खरोखर फिरतो.

आणि सही? डेलिगेशन ऑफ अथॉरिटीचा तो तीन पानी तक्ता आठवा. तुमच्या नावापुढे ५ लाख. साडेपाच लाखांचा कॉम्प्रेसर घ्यायचा तर टिपण मुंबईला जातं आणि पावसाळा संपल्यावर परत येतं.

तरी तुम्ही लिहायचं: ‘१५०+ कोटींची पी अँड एल जबाबदारी’. हे पी अँड एल, म्हणजे नफा-तोटा, फार गोड प्रकरण आहे. ज्यात ‘एल’ तुमच्या माथी आणि ‘पी’ मार्केटिंगच्या, त्याला हिशेबवाले मुकाट्याने कॉस्ट सेंटर म्हणतात. विक्रीचा दर तुम्ही कधीच ठरवला नाहीत, हे खरं. पण तसं बघितलं तर घरातही तुम्ही काहीच ठरवत नाही, तरी कागदावर कुटुंबप्रमुख आहातच की.

निकालांचा मुद्दा त्या मानाने सोपा, फक्त पायाभूत वर्ष नीट निवडायचं. २०२०-२१ घ्या. त्या वर्षासारखं वर्ष परत मिळायचं नाही. एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीची देशांतर्गत विक्री शून्य होती. मग तुमच्या प्रेसखाली पत्रा कुठून येणार? त्या वर्षी तुमची विक्री ११० कोटी आणि २०२२-२३ ला १८०. चौसष्ट टक्के वाढ, दोन वर्षांत! २०१८-१९ ला ती १६५ कोटी होती, ते वर्ष विसरून जा. तेव्हा प्रेसमधून १२,००० टन माल निघाला होता आणि २०२२-२३ मध्ये ११,८००, हेही विसरा. मधल्या काळात पोलाद महागलं, करारानुसार ग्राहकाने तेवढा दर वाढवून दिला आणि विक्रीचा आकडा आपोआप फुगला. अशा फुगवट्यात नफ्याचे रुपये होते तिथेच राहतात आणि मार्जिनचा टक्का खाली सरकतो. म्हणून रेझ्युमेत विक्री लिहायची, मार्जिन नाही.

कुणी तपासेल ही भीती बाळगू नका. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असली तरी तिचा ताळेबंद सरकारी पोर्टलवर किरकोळ फी भरून कुणालाही बघता येतो, पण एवढी तसदी कोण घेतं? फक्त तेच लोक, ज्यांना तुम्हाला दीड कोटी पगार द्यायचा आहे.

आता काय गाळायचं, ते ऐका. पाचशे टनी प्रेसवर डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला पूर्वी ९५ मिनिटं लागायची. तुम्ही आणि दुसऱ्या पाळीचा सुपरवायझर रविवारी घड्याळ लावून उभे राहिलात. पुढची डाय प्रेस चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवली, सगळ्या डायच्या बैठकीची उंची एकसारखी करून घेतली आणि नटबोल्टच्या जागी झटपट आवळणारे क्लॅम्प बसवले. चार महिन्यांत २२ मिनिटांवर आलात. दिवसाला चार वेळा डाय बदलायची, म्हणजे रोज जवळपास पाच तास प्रेस मोकळी. ओव्हरटाइम वर्षाला १ कोटी ४० लाखांनी उतरला, आणि दुसरी प्रेस घ्यायचा ६ कोटींचा प्रस्ताव तुम्ही स्वतःच मागे घेतलात.

हे लिहू नका. त्याला तेलाचा वास येतो. सीओओच्या रेझ्युमेत ‘ट्रॉली’ हा शब्द शोभतो का? त्या जागी ‘ऑपरेशनल एक्सलन्सद्वारे कंपनीव्यापी परिवर्तन’ घाला. हे वाक्य बिस्किटाच्या कारखान्यालाही चालतं आणि दवाखान्यालाही.

मग एक दिवस हेडहंटर बाईंचा व्हिडिओ कॉल येईल. त्या ८५० बद्दल काहीच बोलणार नाहीत. विचारतील, “तुमच्या खालच्या सहा-सात जणांपैकी तुम्ही स्वतः किती नेमले?” तुम्ही “टीम फार मोठी होती” म्हणा. त्या विचारतील, “स्वतःच्या सहीने केलेला सगळ्यात मोठा खर्च कोणता?” इथे घोटभर पाणी प्या. १५० कोटींच्या जबाबदारीत ४ लाख ८० हजारांचा फोर्कलिफ्ट दुरुस्तीचा खर्च पटकन आठवत नाही.

शेवटी त्या कागद खाली ठेवतील. “पोर्टलवरची तुमच्या कंपनीची खाती बघितली. तीन वर्षांत मोठं यंत्र एकही घेतलेलं नाही. असं का?”

तुम्ही सवयीने खरं बोलून जाल. “मॅडम, गरजच पडली नाही. डाय बदलायचा वेळ आम्ही ९५ वरून २२ मिनिटांवर आणला...”

“हे रेझ्युमेत कुठंय?” असं म्हणत त्या पेन उचलतील.

अशा वेळी घाबरू नका. कॅमेरा बंद करा आणि रेंज गेली म्हणून सांगा.