‘मी बाहेर आहे’ एवढे पुरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

डिलिव्हरीवाले, रिक्षावाले आणि ग्राहक यांनी एकमेकांना मराठीत नेमका मेसेज कसा लिहावा, यावरच्या माझ्या लेखाला आलेली एका वाचकाची प्रतिक्रिया: “‘मी बाहेर आहे’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. गाडीवरच्या माणसाला तुमचे प्राध्यापकी मराठी वाचायला वेळ नसतो. शिवाय देवनागरीत मेसेज लांबतो, आणि निम्म्या डिलिव्हरीवाल्यांना मराठी येतच नाही.”

महोदय, मी प्राध्यापक नाही. कॉलेजात असताना मी डोंबिवलीत कुरिअरची पाकिटे वाटली आहेत आणि माझे वडील रिक्षा चालवत असत. गाडीवरच्या माणसाला किती वेळ असतो, हे आपण मला शिकवण्याची गरज नव्हती. मतभेद सांगायला टोमणाच लागतो असेही नाही.

आता आपल्या तीन शब्दांविषयी. ‘मी बाहेर आहे’ असे डिलिव्हरीवाल्याने लिहिले तर तो दाराशी आला आहे. हेच ग्राहकाने लिहिले तर तो बहुधा घरीच नाही. आमच्या इमारतीत एका बाईंनी औषधांच्या पार्सलसाठी हेच तीन शब्द पाठवले. त्या ऑफिसात होत्या. पार्सल घेऊन आलेला मुलगा मात्र त्या खाली उतरल्या आहेत असे समजून फाटकाशी ताटकळला आणि शेवटी पार्सल परत घेऊन गेला. ‘मी घरी नाही, वॉचमनकडे द्या’ असे लिहिले असते तर किती वेळ जास्त लागला असता?

दुसरे असे की स्क्रीनवर वर झळकणाऱ्या सूचनेत मेसेजची सुरुवातच दिसते आणि शेपूट कापले जाते. म्हणून ठिकाण आधी यावे: ‘मागचे गेट, बी विंग. उभा आहे.’ मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ही रचना ओढूनताणून करावी लागत नाही. ‘पोहोचल्यावर फोन करा’ यातही कोठे पोहोचल्यावर हे नसेल, तर प्रवासी स्टेशनच्या पूर्वेला आणि रिक्षा पश्चिमेला, असे होते. ‘पूर्वेच्या तिकीट खिडकीपाशी आलात की फोन करा’ असे लिहावे. ॲपमधून येणारा फोन बऱ्याचदा मधल्याच अनोळखी क्रमांकावरून येतो आणि लोक तो उचलत नाहीत, म्हणून तर आधी मेसेज नीट हवा.

देवनागरीविषयी आपले म्हणणे अंशतः मान्य आहे. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरे 160 मावतात, देवनागरीची 70, आणि काना, मात्रा, हलन्त यांचीही वेगळी मोजणी होते. तरीही ‘मी मागच्या गेटबाहेर उभा आहे. लाल स्कूटर.’ हा मजकूर मोकळ्या जागांसह 40 भरतो. ॲपमधल्या चॅटला तर ही 70 ची मर्यादा लागूच नाही. म्हणजे आपली तक्रार आपण स्वतः मोजून पाहिलेली दिसत नाही.

मराठी न येणाऱ्यांचा मुद्दा मी येथे घेत नाही. माझा लेख मराठीत लिहिणाऱ्यांसाठी होता, आणि तो आपण शेवटपर्यंत वाचला असावा असे मी गृहीत धरतो.