पुलीचं वजन म्हणे बेअरिंग उचलतं!

"शाफ्टचा साइज काढायला पुस्तकी गणित नको!
१) एचपी आणि आरपीएमवरून टॉर्क काढा, टॉर्कवरून व्यास. विषय संपला.
२) पुली कितीही जड असो, वजन बेअरिंग उचलतं. शाफ्टवर फक्त पीळ येतो.
३) फारच भीती वाटली तर बेंडिंग आणि टॉर्क यांची सरळ बेरीज करा. वर्गमुळं कॉलेजात ठेवा.
४) शाफ्ट तुटला तर मटेरियल हलकं होतं. ईएन-२४ घाला, साइज तोच ठेवा.
३० वर्षांचा अनुभव. सगळ्या वर्कशॉपवाल्यांना पाठवा."

हा मेसेज भोसरी-चाकणच्या ग्रुपांवर बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. परवा तो भाच्याकडून आला आणि खाली त्याची ओळ: "मामा, तू उगाच साठचा शाफ्ट सांगत होतास. चाळीसचा पुरतो." भाच्याचं भोसरीत छोटं फॅब्रिकेशन युनिट आहे आणि त्याला एका मिक्सरचा काउंटरशाफ्ट, म्हणजे मोटर आणि मिक्सर यांच्यामधला शाफ्ट, करून द्यायचाय. तो शाफ्ट तुटला तर १२० किलोची पुली फिरत फिरत खाली येईल. त्या वेळी शेजारी उभा असलेला माणूस या मेसेजवाल्याचा कुणी नसेल. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण बाकीचा घोळ त्यातूनच निघालाय.

वजन शेवटी बेअरिंगवर येतं, हे खरं. पण ते तिथपर्यंत पोचतं कसं? पुली काही बेअरिंगच्या डोक्यावर बसलेली नाही. भाच्याच्या ड्रॉइंगमध्ये ती जवळच्या प्लमर ब्लॉकच्या, म्हणजे बेअरिंगच्या बैठकीच्या, मध्यापासून २५० मिमी बाहेर लोंबकळतेय. वजन बेअरिंगपर्यंत जायला मधे शाफ्टशिवाय दुसरा रस्ताच नाही, आणि जाताना ते शाफ्टला वाकवणारच. सगळ्यात जास्त वाकवतं ते नेमकं बेअरिंगपाशी. बरं, बेअरिंगवर पुलीएवढाच भार येतो असंही नाही. दोन ब्लॉकमधलं अंतर ५०० मिमी आहे, म्हणजे जवळच्या ब्लॉकवर पुलीकडच्या एकूण ओढीच्या दीडपट भार येतो आणि लांबचा ब्लॉक वर उचलला जातो. त्याचे फाउंडेशन बोल्ट ताणात असतात. "बेअरिंग उचलतं" म्हणणाऱ्याने हे बोल्ट कधी ढिले झालेले पाहिले असतील, तर त्याचं कारण त्याला कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट, जड पुली म्हटलं की सगळे वजनच बघतात. पट्टा त्याहून जास्त ओढतो. मोटर १५ किलोवॅट, म्हणजे सुमारे २० एचपी. शाफ्ट ३०० आरपीएमने फिरतो. यावरून टॉर्क साधारण ४७८ न्यूटन-मीटर येतो. पुलीचा व्यास ६०० मिमी, म्हणून पट्ट्याच्या घट्ट आणि सैल बाजूंच्या ताणांतला फरक ४७८ भागिले ०.३, म्हणजे १५९२ न्यूटन. ताणांचं गुणोत्तर तीनास एक धरलं तर घट्ट बाजू २३८८ आणि सैल बाजू ७९६. टॉर्क फरकातून मिळतो, पण शाफ्टला वाकवते ती बेरीज. दोन्ही बाजू मिळून ३१८४ न्यूटन एकाच दिशेला ओढतात. पुलीचं वजन १२० किलो, म्हणजे सुमारे ११७७ न्यूटन.

मोटर खाली जमिनीवर आहे, पट्टा सरळ खाली ओढतोय, म्हणून वजन त्यात मिसळतं आणि एकूण ओढ ४३६० न्यूटन होते. हीच मोटर वरच्या प्लॅटफॉर्मवर ठेवली असती तर पट्टा वर ओढतो, वजन खाली, आणि उरते जेमतेम २००० न्यूटन. पट्टा आडवा असता तर दोन ओढी काटकोनात आल्या असत्या, तेव्हा त्यांचे वर्ग करून बेरीज आणि मग वर्गमूळ: ३३९५ न्यूटन. एचपी तेच, आरपीएम तेच, पुलीही तीच. फक्त मोटरची जागा बदलली आणि शाफ्टवरचं वाकवणं निम्म्यावर आलं किंवा दुप्पट झालं. पहिल्या मुद्द्यातल्या हिशेबाला हे दिसतच नाही.

आपल्या मांडणीत बेअरिंगपाशी बेंडिंग मोमेंट ४३६० गुणिले ०.२५, म्हणजे १०९० न्यूटन-मीटर. टॉर्कच्या दुपटीहून जास्त! आणि मेसेज म्हणतो, फक्त पीळ येतो.

आता वर्गमूळ. हे कॉलेजच्या हौसेपोटी आलेलं नाही. वाकल्यामुळे शाफ्टच्या पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने ताण येतो आणि पिळामुळे त्याच ठिकाणी कातर-ताण, म्हणजे धातूचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण. दोन्ही एकाच बिंदूवर, पण वेगवेगळ्या प्रकारचे. त्यांतून निघणारा सर्वांत मोठा कातर-ताण मोहरच्या वर्तुळावरून काढला की व्यासाचं पद बाहेर येतं आणि आत हे उरतं:

```
Te = √(M² + T²)
Te = (π/16) · τ · d³
```

`M` म्हणजे बेंडिंग मोमेंट, `T` टॉर्क, `τ` म्हणजे धातूला चालणारा कातर-ताण आणि `d` व्यास. `Te` हा इक्विव्हॅलंट टॉर्क: नुसता हाच टॉर्क लावला असता तर शाफ्टमध्ये तेवढाच मोठा कातर-ताण आला असता. ठिसूळ नसलेलं पोलाद कातर-ताणाने हार मानतं हे गेस्टने १९०० साली प्रयोगांवरून मांडलं, त्यावर हे उभं आहे. कास्ट आयर्नसारख्या ठिसूळ धातूला हे सूत्र लावू नका.

आकडे घाला. १०९० आणि ४७८ यांचा इक्विव्हॅलंट टॉर्क ११९० येतो. की-वे, म्हणजे पुली पक्की करायची खाच, असलेल्या साध्या शाफ्टिंगच्या पोलादाला ४२ मेगापास्कल चालतो असं धरलं, तर नुसत्या टॉर्कवर व्यास ३८.७ मिमी येतो. हाच भाच्याचा चाळीस. इक्विव्हॅलंट टॉर्कवर तो ५२.५ होतो. म्हणजे चाळीसच्या शाफ्टमध्ये मेसेजवाल्याला ३८ मेगापास्कल दिसतो, तिथे प्रत्यक्षात ९५ असतो.

आणि अजून साठ आलेलाच नाही. वरचं सूत्र स्थिर भाराचं आहे, त्याला शाफ्ट फिरतोय हे ठाऊक नाही. टॉर्क एकाच दिशेने, जवळपास एकसारखा असतो. वाकवणं मात्र जागेवर उभं असतं आणि शाफ्ट त्यातून फिरतो. पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. तार मागे-पुढे वाकवून तोडतो तसंच हे, मिनिटाला ३०० वेळा. आठ तासांच्या पाळीत १,४४,००० उलटसुलट. सात पाळ्यांत दहा लाख ओलांडतात. चाळीसच्या शाफ्टमध्ये हा उलटसुलट ताण १७३ मेगापास्कल आहे. साध्या शाफ्टला वापरतात त्या ईएन-८ पोलादाची ताणात तुटेपर्यंतची ताकद ५५० मेगापास्कलच्या आसपास धरली, तर गुळगुळीत नमुना निम्मा ताण अनंत काळ सोसतो. पण लेथवरचं फिनिश, शाफ्टची जाडी आणि बेअरिंगपाशी व्यास बदलून काढलेली स्टेप हे सगळं वजा केल्यावर हातात १०० ते १३० उरतात. म्हणजे चाळीसचा शाफ्ट बसवताना ठीक, ट्रायलला ठीक, बिल पास होताना ठीक, आणि नंतर एक दिवस स्टेपपाशी तुटणार.

याच कारणासाठी एएसएमई या अमेरिकन मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या १९२७ च्या ट्रान्समिशन शाफ्टिंग कोडने बेंडिंगला वेगळा गुणक लावला. झटके नसलेल्या, फिरत्या शाफ्टला बेंडिंग दीडपट धरायचं, टॉर्क आहे तसा. वरचा ४२ चा आकडाही त्याच कोडातल्या ६००० पीएसआयचा. १०९० चे १६३५ होतात, इक्विव्हॅलंट टॉर्क १७०३ आणि व्यास ५९.१ मिमी. म्हणून साठ. त्यात बेंडिंगचा ताण ५१ मेगापास्कलवर येतो. हा कोड जुना आणि ढोबळ आहे, थकव्याचा बारीक हिशेब स्टेपची त्रिज्या धरून वेगळा करता येतो. पण भोसरीतल्या एका काउंटरशाफ्टला तो पुरून उरतो. झटके असतील, क्रशर वगैरे, तर गुणक दोन-तीनपर्यंत जातात.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल नाइलाजाने थोडं मान्य करतो. नुसत्या सूत्राशी तुलना केली तर सरळ बेरीज कधीच कमी येत नाही. इथे ती १५६८ येते आणि व्यास ५७.५. अट्ठावन्न घेतला असता तर मी फार भांडलो नसतो. पण दीडचा गुणक लावल्यावर १७०३ हवेत, तिथे बेरीज कमीच पडते. आणि पुली जड, टॉर्क किरकोळ असेल तर ती आणखी मागे राहते. टॉर्क १०० असता तर बेरीज ११९०, आणि हवेत १६३८. जिथे वाकवणं जास्त तिथेच हा "सेफ" उपाय दगा देतो.

चौथा मुद्दा. तुटलेला तुकडा फेकण्याआधी तोंड बघा. पृष्ठभाग अक्षाला काटकोनात, सपाट, त्यावर शिंपल्यासारख्या रेघा आणि एका बाजूला थोडासा खरखरीत भाग असेल, तर तो फिरत्या बेंडिंगचा थकवा आहे. बहुतेक वेळा तडा स्टेपच्या कोपऱ्यातून किंवा की-वेच्या टोकातून निघालेला दिसतो. मटेरियलला शिव्या देण्यात अर्थ नाही, कोपऱ्याला रेडियस द्या. ईएन-२४ मजबूत आहे, मान्य, पण त्याची ताठरता ईएन-८ एवढीच. चाळीसमध्ये पुली दोन्ही धातूंत सुमारे २.६ मिमी खाली झुकते, साठमध्ये अर्धा मिमी. पट्टा पळायला लागला की ऑपरेटर तो आणखी आवळणार, आणि ओढ आणखी वाढणार.

पहिल्या मुद्द्याचं एवढंच: दोन्ही टोकांना फ्लेक्सिबल कपलिंग, मधे पुली नाही, पट्टा नाही, अशा शाफ्टला नुसता टॉर्क बहुधा चालतो. भाच्याचा शाफ्ट तसा नाही.

त्याला मी साठच सांगितलाय. फक्त, प्लमर ब्लॉक पुलीकडे १०० मिमी सरकवता आला तर मोमेंट ६५४ वर येतो, दीडपट धरूनही व्यास ५१, म्हणजे ५५ चा बार पुरेल. मधे फ्रेमचा चॅनेल येतोय का, ते मोजून तो कळवणार आहे.