बॅटरीची आग, पाणी आणि उष्णतेचा हिशेब

"ई-स्कूटर किंवा ई-कार पेटली तर चुकूनही पाणी मारू नका! लिथियम पाण्यात भडकतं. वाळू टाका नाहीतर पावडरचा सिलिंडर मारा, हवा तुटली की आग विझते. ज्वाळा गेल्या की धोका टळला."

ई-गाड्यांच्या आगीबद्दलचा हा दावा एकेक करून तपासू. आधी लिथियमचं बघू. लिथियम-आयन सेलमध्ये लिथियम धातूचा तुकडा नसतोच. तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्रॅफाइटचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा लेप, मधे प्लॅस्टिकचा झिरझिरीत पडदा, आणि हे सगळं इलेक्ट्रोलाइटमध्ये भिजलेलं. लिथियम ग्रॅफाइटच्या थरांत शिरून बसतं. पूर्ण चार्ज झालेलं ग्रॅफाइट काळं न दिसता सोनेरी दिसतं ते त्यामुळेच. त्याची पाण्याशी थोडी अभिक्रिया होते, नाही असं नाही. पण मोठ्या ज्वाळा उठतात त्या इलेक्ट्रोलाइटमधल्या ज्वलनशील द्रावकाच्या आणि सेलमधून सुटणाऱ्या वायूंच्या. पाण्याची खरी भीती धातूच्या लिथियमची, म्हणजे वेगळ्या जातीच्या, चार्ज न होणाऱ्या सेलची.

आता हवा तोडण्याचं. लाकूड जळतं तेव्हा उष्णता ज्वाळेत तयार होते, म्हणून ज्वाळा कोंडली की काम भागतं. इथे उष्णता सेलच्या पोटात तयार होते. साधारण १०० अंशांच्या आसपास ग्रॅफाइटवरची संरक्षक साय मोडू लागते आणि सेल स्वतःच तापू लागतो. १३० च्या पुढे मधला पडदा वितळतो, आतल्या आत शॉर्ट होतो. २०० च्या आसपास निकेलयुक्त ऑक्साइड फुटून ऑक्सिजन सोडू लागतं. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला उष्णता पुरवते. थर्मल रनअवे म्हणतात तो हाच. लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये शेवटची पायरी बरीच सौम्य असते, पण द्रावक आणि वायू तिथेही आहेतच.

एका सेलचा हिशेब मांडून बघा. पेन्सिल सेलपेक्षा थोडा जाड, सुमारे ४५ ग्रॅमचा नळकांडी सेल. पूर्ण चार्ज असेल तर त्यात १२ वॅट-अवर, म्हणजे साधारण ४३ किलोज्यूल वीज साठलेली असते. शेजारचा तसाच सेल ३० अंशांवरून २०० वर न्यायला ७ किलोज्यूल पुरे. म्हणजे पहिल्याच्या विजेपैकी जेमतेम सहावा हिस्सा शेजाऱ्यापर्यंत पोचला तरी तोही गेला, मग त्याचा शेजारी. पावडरने ज्वाळा दबते, ही साखळी दबत नाही. वाळू तर उष्णतेची वाईट वाहक. सेलला गोधडी पांघरल्यासारखंच ते.

याच हिशेबात पाणी उठून दिसतं. एक लिटर पाणी तापून पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे २,५०० किलोज्यूल शोषतं, म्हणजे वरच्यासारख्या पन्नासहून जास्त सेलमधली वीज. मग टेस्लाच्या आपत्कालीन मार्गदर्शिकेत एका गाडीसाठी ११,००० ते ३०,००० लिटर पाण्याचा अंदाज का दिलेला असतो? कारण पॅकची पेटी पाणी आत जाऊ नये म्हणूनच बनवलेली असते. बहुतेक पाणी पेटीवरून वाहून जातं, सेलला शिवतसुद्धा नाही. त्यामुळे अडचण पाण्याची नाही, ते पोचवण्याची आहे. घरातली बादली इथे तोकडी पडते, आणि ती घेऊन जवळ जाणारा माणूस वायूत उभा राहतो.

त्या वायूबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण दावा करणाऱ्याने ते वगळलेत. सीटखालून फुसफुस आवाजासह पांढरा धूर यायला लागला, तर ती वाफ समजू नका: त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, द्रावकाचे थेंब आणि विषारी हायड्रोजन फ्लोराइड असतं. बंद पार्किंगमध्ये तो न जळता साठला आणि मग ठिणगी मिळाली, तर आग नाही, स्फोट होतो. तिथे ज्वाळा तेवढी विझवून सेल तापतेच ठेवणं उलट जास्त वाईट. घरात असं दिसलं तर बाहेर पडायचं, जाताना दार ओढून घ्यायचं आणि अग्निशमन दलाला आधी सांगायचं की बॅटरीची गाडी आहे.

राहता राहिल्या ज्वाळा. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथे एक इलेक्ट्रिक कार दुभाजकावर आदळून पेटली. आग विझली, गाडी जप्तीच्या आवारात नेली, आणि तिथे पाच दिवसांनी बॅटरी पुन्हा पेटली. चेपलेल्या पॅकमध्ये न जळलेले सेल शिल्लक होते, त्यांची वीज तशीच आत होती, आणि ती काढून घ्यायची सोय अपघातात तुटलेली. म्हणून जाणकार पथकं ज्वाळा गेल्यावरही थर्मल कॅमेऱ्याने पॅकचं तापमान बघत राहतात, पुन्हा वाढलं की पुन्हा पाणी, आणि अशी गाडी इतर गाड्यांपासून आणि इमारतींपासून १५ मीटर लांब, उघड्यावर ठेवतात.