रात्रपाळी आणि पुढे गेलेली पाळी

"तीन महिने नाइट चालू आहे. आधी पाळी आठ-दहा दिवस पुढे जायची, आता अडीच महिने आलीच नाही. नाइटमुळेच ना?"

ताई, आठ-दहा दिवसांचं मान्य. झोपेचं घड्याळ उलटलं की बीज बाहेर पडायलाच उशीर होऊ शकतो, आणि पाळी साधारण त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. पण अडीच महिने नाइटच्या माथी मारू नका. मी नर्स असून तेच केलं, चार महिन्यांनी थायरॉइड निघाला. आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट करा. निगेटिव्ह आली तरी डॉक्टरांकडे जा. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, तपासायला सांगतील. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, मग ती झोप दुपारची का असेना. म्हणून ड्युटीवरून येऊन झोपलात तर उठल्यावर दोनेक तास थांबून रक्त द्या. मी डोळे चोळतच गेले होते, रिपोर्ट वाढीव आला आणि पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली! मध्येच रक्तस्राव सुरू होऊन तासाला एक पॅड भिजायला लागलं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा, शिफ्ट संपायची वाट पाहू नका.