रात्रभर जागलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत झोपवू नका

आज सकाळी साडेआठच्या सुमारास खालच्या मजल्यावरची सून जिन्यात भेटली. रात्रभर सासऱ्यांजवळ हॉस्पिटलात बसून आली होती. डोळे तांबारलेले, हातात रिकामा थर्मास. समोरच्या काकूंनी दारातूनच तिला सांगितलं, "पडदे लाव आणि संध्याकाळपर्यंत झोप. मुलांचं मी बघते, कुणी उठवणार नाही तुला." मी म्हटलं, "काकू, मुलांचं जरूर बघा, पण हिला साडेदहाला उठवा." तर काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी तिच्या तोंडचा घास काढून घेतला. "तू नर्स होतीस ना गं? आणि असं बोलतेस?"

नर्स होते म्हणूनच बोलते. आयुष्यातली बरीच वर्षं रात्रपाळ्या केल्या आहेत आणि जागरणानंतर माणसं कशी कोलमडतात ते बघितलंय. जागरणाने कोलमडत नाहीत, त्यानंतरच्या दिवसाने कोलमडतात. आपल्याकडे हे कुणालाच कळत नाही, आणि उपाय मात्र सगळ्यांकडे तयार असतो: झोप काढ.

माझ्या दादाचं उदाहरण मी घरात इतक्या वेळा दिलंय की भाची कान झाकते. तरी देते. अण्णांची अँजिओप्लास्टी झाली त्या रात्री दादा आयसीयूच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून होता. डोळ्याला डोळा नाही. सकाळी घरी आला तर आईने खोलीत अंधार केला, पंखा लावला, फोन काढून घेतला. दादा संध्याकाळी पाचला उठला. आई खूश, पोरगं निवांत झोपलं. मग रात्री अकराला आडवा झाला तर झोप कुठली? एक वाजता स्वयंपाकघरात ट्यूबलाइट लावून चहा, मग मोबाइल. पहाटे चारला डोळा लागला आणि सकाळी अकराला उघडला. तोवर डॉक्टरांचा राउंड होऊन गेला होता. कुठली गोळी किती दिवस घ्यायची आणि कुठली अजिबात बंद करायची नाही हे डॉक्टर त्या एकाच वेळी सांगतात, आणि ऐकायला घरचं कुणी नव्हतं. पुढचे तीन-चार दिवस हेच. एका रात्रीच्या जागरणाचा आठवडा झाला.

हे का होतं ते सांगते, कारण "शरीराला झोप हवी होती, घेतली" एवढ्यावर लोक थांबतात. झोप दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब. जितका वेळ जागे राहाल तितकं मेंदूत अडेनोसिन साठतं आणि झापड वाढते. दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ, ते मात्र तुम्ही झोपलात की जागलात हे न बघता आपल्या वेळेने चालतं. पहाटे चारच्या आसपास शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तेव्हा जागणारा माणूस अगदी गळून जातो. आणि सकाळी नऊ-दहाला त्यालाच अचानक तरतरी येते, "मला काही झोपच येत नाहीये" म्हणतो. ती तरतरी घड्याळाची, झोप भरून निघाल्याची नव्हे.

आता दिवसभर झोपलात तर रात्री जो दाब उपयोगी पडणार होता तो दुपारीच खर्चून टाकलात. वर सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला नाही, आणि रात्री दिव्याचा नि मोबाइलचा पडला. सकाळचा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, उशिरा रात्रीचा पलीकडे ढकलतो. दादाच्या बाबतीत दोन्हीकडून ढकलाढकली झाली. त्यात रात्री एकचा चहा! जागरणात पहाटे चारला घेतलेला चहा एक वेळ चालेल, पण त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही अर्धं रक्तात असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दोननंतर चहा-कॉफी नाही. पाहुणे आले तरी नाही.

मग करायचं काय? खालच्या सुनेचंच घ्या. ती एरवी रात्री अकराला झोपते, सहाला उठते. सकाळी साडेआठला घरी आली. तिने थोडं काही खावं किंवा नुसतं पाणी प्यावं, आणि नऊला आडवं व्हावं. साडेदहाला गजर. दीड तासात झोपेचं साधारण एक पूर्ण चक्र होतं. अगदीच शिणली असेल तर बारापर्यंत झोपू द्या, त्यापुढे नाही. उठवल्यावर ती चिडेल, कुठे आहे तेही तिला चटकन कळणार नाही. इतक्या जागरणानंतर झोप लगेच खोल जाते आणि खोल झोपेतून उठलं की अर्धा तास गुंगी राहते. ती गुंगी बघून घरच्यांना दया येते आणि "झोप गं परत" म्हणतात. तिथेच सगळं बिघडतं. दया दाखवायची तर पडदे उघडा, तोंडावर पाणी मारायला सांगा, गॅलरीत बसवा. त्या अर्ध्या तासात तिला कुठला निर्णय विचारू नका, विम्याच्या कागदावर सही घेऊ नका.

(आयुर्वेदवाले मित्र आता येतीलच, म्हणून मीच सांगते. अष्टांगहृदयात हेच आहे: रात्री जितकं जागरण झालं त्याच्या निम्मा वेळ सकाळी, न जेवता झोपावं. निम्मा. संध्याकाळपर्यंत नाही. सात तासांची झोप बुडाली तर साडेतीन तास, म्हणजे मी सांगते त्याच्याहून थोडं जास्त. जाऊ दे, तेवढ्यावर मी भांडणार नाही.)

दुपारी जेवण हलकं. दीड-दोनला पेंग आली तर वीस मिनिटं डुलकी, तीही खुर्चीत, गादीवर नको. तीननंतर अजिबात नाही. सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळी सात-साडेसातची. टीव्ही लावून सोफ्यावर बसलं की मान पडते. तिन्हीसांजेला झोपू नये असं आजी म्हणायची ते लक्ष्मीसाठी असेल, मला तो नियम झोपेसाठीही पटतो. सातला तासभर झोपलेला माणूस दहाला टक्क जागा असतो. त्या वेळी उभं राहा, भाजी निवडा, खाली एक फेरी मारून या. आणि साडेनऊला अंथरुणावर. आठला नाही, साडेनऊला. नेहमीपेक्षा तास-दीड तास आधी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, फार तर सातला उठायचं. लोक म्हणतात, सात तास गेले तर सात तास जास्त झोपायला हवं. तसं लागत नाही. १९६४ साली रँडी गार्डनर नावाचा सतरा वर्षांचा अमेरिकन मुलगा २६४ तास, म्हणजे अकरा दिवस जागा राहिला होता. त्यानंतर पहिल्यांदा तो साधारण चौदा तासच झोपला. (कुणी करून बघू नका.) शरीर तासांची भरपाई करत नाही, खोलीने करतं. पहिल्या रात्री गाढ झोपेचा वाटा वाढतो, स्वप्नांच्या झोपेची भरपाई बहुधा पुढच्या रात्री होते. म्हणून दुसऱ्या रात्री चित्रविचित्र स्वप्नं पडली तर घाबरू नका. तिसऱ्या दिवशी दुपारी थोडं जड वाटेल, चालतं. पण पहिल्या रात्री बारा वाजले तरी झोप नाही, तर समजा दिवसा जास्त झोप झाली. तेव्हा कूस बदलत पडून राहू नका, मंद उजेडात बसा, आणि काही झालं तरी उठण्याची वेळ सोडू नका. घड्याळ उठण्याच्या वेळेने जागेवर येतं, झोपण्याच्या वेळेने नाही. दादाला हे चौथ्या दिवशी सांगितलं. सहाला उठवलं, शिव्या खाल्ल्या, पण त्या रात्री दहाला झोपला.

आणि आता खरी चीड येते ती सांगते. दादा त्या सकाळी हॉस्पिटलमधून स्कूटरवर घरी आला होता. आपण सगळे झोपेवर बोलतो, किल्ली हातात देताना कुणी बोललं का? सिग्नलला थांबला होता, दिवा हिरवा कधी झाला ते कळलंच नाही, मागचे हॉर्न वाजवायला लागले तेव्हा भानावर आला. उभा होता म्हणून वाचला. चोवीस तास जागलेल्या माणसाचं लक्ष आणि हात ०.१० टक्के मद्य रक्तात असल्यासारखे चालतात. आपल्या कायद्यात मर्यादा ०.०३ आहे. दारू पिऊन भाऊ स्कूटर काढायला लागला तर आपण किल्ली हिसकावून घेऊ. जागरण करून निघाला की "सावकाश जा रे" म्हणतो. सावकाश जाऊन काय होणार? डोळे दोन-तीन सेकंद मिटतात आणि मिटले हे त्यालाही कळत नाही. रिक्षा करा हो. शंभर-दोनशे रुपयांचं काय घेऊन बसलात.

आता थोडं शांतपणे. काकू वाईट नाहीत. त्यांनी मुलांचा डबा केला, शाळेत सोडलं, हे माझ्या सगळ्या ज्ञानापेक्षा त्या सुनेच्या जास्त कामाचं होतं. माझं म्हणणं एवढंच की गजर पण लावा.

आणि हे सगळ्यांना सरसकट लागू नाही, मान्य. घरात कुणाला फिट येत असतील, किंवा बायपोलरचा त्रास असेल, तर त्याला रात्रभर बसवूच नका. एक जागरण त्यांना पुरतं. ज्यांची रात्रपाळी ठरलेली असते त्यांचं गणित वेगळं, त्यांनी दिवसाच झोपायचं. आणि त्याच माणसाला पुन्हा आज रात्री हॉस्पिटलात बसायचं असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि त्याला सकाळीही झोपू द्या, जाण्याआधी दुपारीही.

पण ती वेळ का आणता? पेशंट ॲडमिट झाला त्याच संध्याकाळी नातेवाइकांत पाळ्या ठरवा. एकाने रात्री अडीचपर्यंत, दुसऱ्याने अडीचपासून. दुसऱ्याने साडेआठलाच झोपून घ्यायचं, पहिल्याने घरी येऊन सातपर्यंत. दोघांनाही चार-पाच तास मिळतात, आणि सकाळच्या राउंडला शुद्धीवर असलेला माणूस हजर असतो. रात्री एकच नातेवाईक आत सोडत असतील तरी मध्यरात्री पास बदलून मिळतो का, ते संध्याकाळीच वॉर्डच्या सिस्टरला विचारून ठेवा. रात्री अडीचला वॉचमनशी हुज्जत घालायला लागू नये.